इंग्लंडचं एमएससी, ५५ लाखांचा खर्च आणि परत आल्यावरचा हप्ता

प्रश्न: मुलगी २४ वर्षांची, कॉम्प्युटर इंजिनीअर, ऐरोलीत आयटी कंपनीत दोन वर्षं काम करते, पॅकेज ६.२ लाख. इंग्लंडमधल्या (लंडनबाहेर) एका विद्यापीठाची एमएससी डेटा अ‍ॅनालिटिक्सची ऑफर आली आहे, सप्टेंबर २०२६ ला सुरू, एक वर्षाचा कोर्स. शिष्यवृत्ती वजा जाता फी २४,००० पौंड. एजंट म्हणतो एकूण ४५ लाख लागतील, तिकडे ३६ लाखांचा पगार मिळेल, दीड वर्षात कर्ज फिटेल. आमच्याकडे १५ लाख आहेत, बाकी ४० पर्यंत बँक द्यायला तयार आहे, पण कोपरखैरण्याचा फ्लॅट तारण मागते. राहतं घर तेच. डिपॉझिट महिनाअखेर भरायचं आहे. पगाराच्या मानाने हा खर्च वसूल होईल का?

उत्तर:

आत्ताच्या आकड्यांवर होत नाही. मी आधी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो, आता ठाण्यात याच कामाचा सल्ला देतो, आणि तुमच्यासारखी फाइल वारंवार समोर येते. एजंट खोटं बोलतोय असं नाही. ३०,००० पौंडांचे ३६ लाख होतात, हे गणित बरोबर आहे. पण तो पगार वर्षाचा आणि करापूर्वीचा सांगतोय, खर्च विमान उतरेपर्यंतचा सांगतोय, आणि पगार किती महिने मिळणार ते सांगतच नाही. विद्यापीठ त्याला फीवर कमिशन देतं, हेही लक्षात असू द्या.

आधी खर्च पूर्ण मांडू. पौंड १२० रुपये धरतो, बँकेचा विक्रीदर थोडा पुढेमागे असेल. फीचे २८.८ लाख. राहणं-खाणं लंडनबाहेर महिना हजार पौंड, बारा महिन्यांचे १४.४ लाख. विद्यार्थी व्हिसा आणि त्यासोबत आधीच भरायचा आरोग्य अधिभार मिळून १,७०० पौंडांच्या आसपास, म्हणजे दोन लाख. तिकीट, आयईएलटीएस, टीबीची तपासणी, खोलीचं डिपॉझिट, थंडीचे कपडे यांचे आणखी दोन. झाले ४७. इथपर्यंत एजंटचा आकडा फार चुकीचा नाही.

पण कोर्स संपल्यावरही घड्याळ चालू असतं. तिथे राहून नोकरी करायची तर ग्रॅज्युएट व्हिसा काढावा लागतो. त्याची फी आणि पुन्हा आरोग्य अधिभार धरून अडीच हजार पौंडांच्या जवळ जातं, म्हणजे तीन लाखांना थोडे कमी. आणि नोकरी लागेपर्यंतचे महिने? प्रबंध जमा केल्यावर पहिला पगार हातात पडायला चार महिने धरा. ज्यांची सोय आधीच होते ती मुलं वेगळी, पण आपण त्यांच्यावर योजना आखायची नाही. ते ४.८ लाख. एकूण ५५. एजंटच्या ४५ मध्ये हे दोन्ही खर्च कधीच नसतात, कारण ते कोर्सचे खर्च नाहीत. तुमच्या खिशातून मात्र जातातच.

तुमचे १५ आणि बँकेचे ४० म्हणजे बरोबर ५५. पण बँकेचे ४० तसेच थांबत नाहीत. कोर्स आणि त्यापुढे सहा महिने हप्ता नसतो, व्याज मात्र पहिल्या वितरणापासून चढतं. १० टक्के दर आणि टप्प्याटप्प्याने वितरण धरलं तर दीड वर्षात साधारण पाच लाख चढतात. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्ज ४५ लाखांचं असतं. त्यावर दहा वर्षांचा हप्ता ५९,५०० रुपये, पंधरा वर्षांचा ४८,४००. पंधरा वर्षांत बँकेला एकूण ८७ लाख जातात. जमलं तर कोर्स चालू असतानाच दरमहा व्याज भरत राहा, निदान व्याजावर व्याज तरी लागणार नाही.

आता पगाराची बाजू. ३०,००० पौंड हा लंडनबाहेर नव्याने लागणाऱ्याला मिळू शकतो, मी तोच धरतो. तिथे पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही. त्यापुढे या पातळीवर २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स. म्हणजे १७,४३० पौंडांवर २८ टक्के, ४,८८० पौंड गेले. पेन्शनची कपातही होते. हातात महिन्याला सुमारे २,०१० पौंड येतात. विद्यार्थी असताना घराला कौन्सिल टॅक्सची माफी असते, नोकरदार झाल्यावर ती जाते. दोन-तीन जणींमध्ये घर, त्यातली एक खोली, वीज-गॅस, प्रवास, जेवण, फोन मिळून १,३५० पौंड धरा. राहिले ६६०, म्हणजे ७९,००० रुपये.

इथे बहुतेक पालक सुटकेचा श्वास घेतात, कारण ७९ हजारांतून ५९ हजारांचा हप्ता जातो. अडचण किती महिने जातो यात आहे.

ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचा. तुमची मुलगी २०२७ च्या शरदात अर्ज करणार, म्हणजे तिला अठराच महिने. त्यातले चार नोकरी शोधण्यात गेले की उरले चौदा. चौदा महिने ती सगळेच्या सगळे ७९,००० पाठवत राहिली, एकदाही सणाला घरी आली नाही, एकदाही आजारी पडून बिनपगारी राहिली नाही, तरी ११ लाख होतात. तेवढ्यात व्याजही चढत असतं. चौदाव्या महिन्याअखेर ४५ चे ३९ लाख झालेले असतील. ‘दीड वर्षात कर्ज फिटेल’ या वाक्याचं खरं रूप हे: दीड वर्षात कर्ज सहा लाखांनी कमी होईल.

म्हणून सगळा निकाल पंधराव्या महिन्यावर ठरतो. तिथून पुढे राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो आणि तो मालकाने प्रायोजित करावा लागतो. जुलै २०२५ पासून त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड आहे. नव्याने शिकून बाहेर पडलेल्यांना सवलतीची मर्यादा ३३,४००, पण पदाचा स्वतःचा ठरलेला दर त्याहून वर जात असेल तर तो पाळावा लागतो आणि सॉफ्टवेअरच्या पदांना तो वर जातो. ही सवलतही जास्तीत जास्त चार वर्षं, आणि ग्रॅज्युएट व्हिसाचे महिने त्या चारात मोजले जातात. म्हणजे ३०,००० चा पगार, जो एजंटने सोनं म्हणून दाखवला, तो पुढे राहण्यासाठी कामाचाच नाही.

दुसरी अट पदाची. तिथे प्रत्येक नोकरीला एक व्यवसाय-कोड असतो आणि नियम आता पदवी पातळीची पदं मागतात. ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’चा कोड 3544, म्हणजे सहव्यावसायिकांच्या गटात. ‘प्रोग्रॅमर आणि सॉफ्टवेअर डेव्हलपर’चा 2134, व्यावसायिकांच्या गटात. पहिला आकडा २ की ३ यावर बरंच काही अवलंबून असतं. खालच्या गटातली काही पदं तात्पुरत्या यादीमुळे चालतात, पण तात्पुरत्या यादीवर पंधरा वर्षांचं कर्ज उभं करू नये. कोर्सचं नाव ‘डेटा’ने सुरू होतं म्हणून नोकरी प्रायोजित होईल, असा अर्थ नाही.

तिला पुढचा व्हिसा मिळाला तर चित्र खरोखर बदलतं, हेही सांगायला हवं. ३३,४०० वर हातात उरतात ८५० पौंड, म्हणजे लाखाच्या वर. दरमहा लाख भरत गेलं तर ४५ लाखांचं कर्ज पावणेपाच वर्षांत संपतं. ४१,७०० वर खर्च जाता दीड लाखाच्या आसपास उरतात, तिथे ते तीन वर्षांच्या आत संपतं. तुमचे १५ लाख मात्र या हिशेबात कुठेच परत आलेले नाहीत.

आणि नाही मिळाला तर? परत आल्यावर घणसोली-महापे पट्ट्यात किंवा पवईत तिला किती मिळेल? इंग्लंडची पदवी आणि वर्षभराचा तिथला अनुभव असला तर १० लाख धरू. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी वगैरे वजा जाता हातात ७५,००० येतील. ३९ लाखांचा पंधरा वर्षांचा हप्ता ४२,००० च्या जवळ. निम्म्याहून जास्त पगार हप्त्यात, आणि वय २७. याच मुलीने जाण्याऐवजी इथेच दोनदा कंपनी बदलली असती, तर तोवर ती ९-१० लाखांवर असती, डोक्यावर कर्ज शून्य, आणि घरी राहून महिना वीस हजार साठवत असती. म्हणजे इथे परतलेल्याला पदवीमुळे मिळणारा वाढीव पगार वर्षाला फार तर एक लाख. त्यासाठी ५५ लाख कोणी मोजणार नाही.

यातून मी सगळ्यांना एकच चाचणी लावायला सांगतो, आणि ती तिकडच्या पगारावर अजिबात उभी नाही. परत आल्यावर इथे मिळेल तो हातातला पगार घ्या, त्याच्या ४० टक्क्यांत हप्ता बसला पाहिजे. तुमच्या मुलीसाठी ते ३०,००० रुपये. १० टक्के दराने दहा वर्षांत ३०,००० मध्ये बसतं ते कर्ज साडेबावीस लाखांचं, पंधरा वर्षांत २८ लाखांचं. मी दहाचं धरतो, कारण मध्ये लग्न, घर, तुमचं निवृत्त होणं सगळं येतं. साडेबावीस म्हणजे हप्ता सुरू होतानाचा आकडा, म्हणून आज प्रत्यक्ष उचलायचे साधारण २० लाख. तुमचे १५ मिळून ३५. ऑफर ५५ ची आहे. वीस लाखांची ही दरी एजंट ‘तिकडे पार्टटाइम करेल की’ म्हणून भरतो. विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि लहान शहरात तेवढेही तास मिळवताना मुलांची दमछाक होते. मिळाले तर वर्षभरात काही लाख सुटतील. पण हिशेबात ते काम लागल्यावर घ्या, आधी नाही.

आता प्रश्न राहतो तो पुढचा व्हिसा मिळण्याच्या शक्यतेचा, आणि तो अंदाज तुम्ही स्वतः एका रविवारी काढू शकता. विद्यापीठाच्या पत्रकातल्या सरासरी पगारावर विसंबू नका. तो बहुधा ज्यांनी उत्तर दिलं त्यांचा असतो, आणि त्यांत तिथलेच नागरिक असतात, ज्यांना व्हिसाची अट नाही. लिंक्डइनवर त्या विद्यापीठाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे नेमका हाच कोर्स आणि २०२२ ते २०२४ ही वर्षं निवडा, त्यांतून बीई भारतात केलेले लोक वेचा. चाळीस नावं झाली की पुरे. मुंबई विद्यापीठाचे किंवा पुण्याचे असतील तर उत्तम, कारण पार्श्वभूमी तुमच्या मुलीसारखी. वही घ्या आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: आज कुठल्या देशात आहे, पद काय, कंपनी कुठली, आणि पदवी ते पहिली नोकरी यांत किती महिने गेले.

यात फसायला होतं ते असं. काही जण पद म्हणून ‘असोसिएट’ किंवा ‘टीम मेंबर’ लिहितात आणि कंपनी सुपरमार्केटची असते. त्यांना नोकरी आहे असं मोजू नका. काहींची शेवटची नोंद कोर्सचीच असते, पुढे काहीच नाही. ते बहुधा परत आलेत किंवा जे करताहेत ते लिहावंसं वाटत नाही. त्यांनाही ‘नाही’त टाका. आणि जे तिथे चांगल्या पदावर आहेत, त्यांचा इथला अनुभव किती वर्षांचा होता ते पाहा. चार-पाच वर्षं काम करून गेलेल्याचं यश दोन वर्षंवालीच्या खात्यात धरता येत नाही.

मग कंपन्यांची नावं ब्रिटिश सरकारच्या प्रायोजक-यादीशी ताडून बघा. gov.uk वर `Register of licensed sponsors: workers` शोधलं की फाइल उतरवता येते, शहराप्रमाणे गाळता येते. परवाना असणं म्हणजे दरवेळी प्रायोजित करणं नव्हे. पण परवानाच नसलेल्या कंपनीत लागली, तर अठरा महिन्यांनंतरचा रस्ता तिथेच बंद असतो. नोकरी बदलावी लागेल, आणि ती बदलण्यासाठी वेळ त्याच चौदा महिन्यांतून जाईल. चाळीसपैकी निदान निम्मे ग्रॅज्युएट व्हिसा संपल्यानंतरही तिथे, परवानाधारक कंपनीत, पदवीच्या पातळीच्या कामावर दिसले, तर मी माझी ४० टक्क्यांची चाचणी थोडी सैल करेन. दहा-बारा दिसले तर करणार नाही, मग विद्यापीठाचं क्रमांकात नाव कितीही वर असो.

फ्लॅटबद्दल. राहतं एकमेव घर या कर्जासाठी मी तारण ठेवणार नाही. हप्ता थकला तर बँक सरफेसी कायद्याने त्यावर येऊ शकते, आणि तेव्हा तुम्ही बहुधा निवृत्त असाल. शिवाय कोपरखैरण्याची जागा सिडकोची भाडेपट्ट्यावरची. तारणासाठी सिडकोचं ना-हरकत लागतं, सोसायटीची कागदपत्रं नीट नसतील तर त्यातच महिने जातात आणि मुलं डिपॉझिटची तारीख दाखवून रडकुंडीला येतात. तारणाशिवाय देणाऱ्या वित्तसंस्था आहेत, पण त्यांचा दर वर जातो, बहुतेक ठिकाणी व्याज लगेच सुरू होतं आणि सहकर्जदार म्हणून तुमचा पगार बांधला जातो. २० लाखांपर्यंत सरकारी बँकेत विनातारण जमतं का ते विचारा. काही बँका ठरावीक विद्यापीठांच्या यादीसाठी देतात. व्याजावरची करसवलत आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच, म्हणून तिच्यावर फार जीव टाकू नका.

मग मुलीने काय करावं? माझ्या मते दोन वर्षं थांबावं. ऐरोलीत तिचं काम टेस्टिंग किंवा सपोर्टचं असेल तर आधी तिथेच किंवा कंपनी बदलून डेटा इंजिनीअरिंगच्या कामात शिरावं. असा एकूण चार वर्षांचा अनुभव झाल्यावर तीच पदवी घेतली तर सवलतीच्या मर्यादेपेक्षा वरचा पगार मागता येतो, 2134 सारख्या कोडच्या पदावर दावा सांगता येतो, आणि तोवर स्वतःची पाचेक लाखांची भर पडलेली असते. सगळी मुलं अशी इथेच थांबली तर बाहेर जाणारच नाहीत, असं तिला वाटेल. पण २४ व्या वर्षी न गेल्याने दार बंद होत नाही. वयामुळे पगारमर्यादेची सवलत जाईल अशी भीती असेल तर तीही नको, कारण विद्यार्थी किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरून बदलणाऱ्यांना ती वयाशिवाय मिळते.

थांबायचंच नसेल तर जर्मनी तपासा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गसारखे अपवाद सोडून. व्हिसासाठी खात्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, दोन वर्षांचा राहण्याचा खर्च २५ ते २८ लाखांत बसतो. आपल्या ३५ च्या आत. पण कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरी जर्मन मागते. बी-१ पर्यंत भाषा इथून करून जायची तयारी नसेल, तर स्वस्त पदवी आणि नोकरी नाही, असं होतं. तीच चाळीस नावांची वही तिथेही करा.

राहिला डिपॉझिटचा प्रश्न. ते भरण्याआधी विद्यापीठाला मेल करून दोन गोष्टी लेखी मागवा: ऑफर पुढच्या प्रवेशसत्राला ढकलता येते का, आणि व्हिसा नाकारला गेला नसतानाही आपण माघार घेतली तर डिपॉझिटमधलं किती परत मिळतं. बहुतेक ठिकाणी व्हिसा नाकारला तरच परत देतात. पुढे ढकलायला बरीच विद्यापीठं तयार असतात, शिष्यवृत्ती मात्र तशीच राहील का ते वेगळं विचारावं लागतं. उत्तर एजंटमार्फत नको, प्रवेश विभागाच्या पत्त्यावरून मुलीच्या मेलवर आलं पाहिजे.